बाळाचं बूड लालबुंद, सोललेलं: डायपर रॅश आटोक्यात कसा आणायचा आणि बुरशी कशी ओळखायची

रॅशला कुठलं क्रीम चांगलं, हे सगळे विचारतात आणि सगळे सांगतातही. ते किती जाड लावायचं, पुढच्या शीच्या वेळी पुसून काढायचं की तसंच ठेवायचं, आणि दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही तर काय समजायचं, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. मी डॉक्टर नाही. दोन मुलं वाढवली, दोघांचे रॅश काढले आणि आता बहिणीच्या मुलाचा निस्तरताना पुन्हा सगळी उजळणी झाली. बालरोगतज्ज्ञांनी वेळोवेळी समजावलेलं आणि त्यामागचं कारण नंतर वाचून कळलेलं, असं दोन्ही इथे क्रमाने लिहिते.

हा लेख कातडी लाल होऊन सोलली आहे, पुसलं की बाळ कळवळतं, अशा रॅशबद्दल आहे. नुसता हलका गुलाबीपणा असेल तर पहिल्या तीन पायऱ्याच पुरतात.

हाताशी काय ठेवायचं

- कापसाचे बोळे किंवा जुन्या सुती साडीचे, धोतराचे मऊ तुकडे
- कोमट पाण्याचा छोटा तांब्या, किंवा तोंडाशी भोक असलेली दाबायची बाटली
- झिंक ऑक्साइड असलेलं, सुगंध नसलेलं घट्ट क्रीम
- साधी पेट्रोलियम जेली
- थोडं खोबरेल तेल (लावायला नाही, क्रीम काढायला)
- मेणकापड आणि त्यावर टाकायला सुती दुपटी
- थर्मामीटर

बुरशीवरची ट्यूब या यादीत मुद्दाम घातलेली नाही. ती घरात "असू दे" म्हणून आणून ठेवायची गोष्ट नाही. त्याचं कारण पाचव्या पायरीत आहे.

१. हात लावण्याआधी नीट बघा

उजेडात, खिडकीजवळ बाळाला पाठीवर झोपवा आणि दोन्ही पाय हलकेच वर घेऊन बघा. लाली नेमकी कुठे आहे, यावर पुढचं सगळं ठरतं.

साधा रॅश डायपर जिथे घासतो तिथे येतो. कुल्ल्यांचा फुगीर भाग, ओटीपोटाचा खालचा भाग, मांड्यांची आतली बाजू, मुलग्यांमध्ये अंडकोषाची पिशवी, मुलींमध्ये शूच्या जागेचे बाहेरचे ओठ. जांघेत मांडी दुमडते त्या घडीच्या आत मात्र कातडी बरीचशी ठीक असते, कारण तिथपर्यंत डायपर पोचतच नाही. घडी उघडून बघितल्याशिवाय हे कळत नाही, आणि घडी उघडली की बाळ रडतं म्हणून आपण ती उघडत नाही. तरी उघडा.

आपल्याकडच्या सावळ्या बाळांमध्ये लाली चित्रात दाखवतात तशी टोमॅटोसारखी दिसेलच असं नाही. ती तपकिरी, जांभळट किंवा नुसती गडद दिसते. तिथे रंगापेक्षा चकाकी, ओलसरपणा, सुटलेली सालं आणि स्पर्शाला लागणारी ऊब यांवर विश्वास ठेवा.

मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा, रोज त्याच वेळी, त्याच उजेडात. दिवसातून आठ-दहा वेळा तीच जागा बघितली की बरं होतंय की वाढतंय हे आपल्याला सांगता येत नाही. डॉक्टरही पहिला प्रश्न "कधीपासून आणि कसं वाढलं" हाच विचारतात.

२. शी आणि शू एकत्र राहू देऊ नका

कातडी सोलण्यामागचं गणित एकदा कळलं की बाकीच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. नुसती शू थोडा वेळ राहिली तर फार बिघडत नाही. शीमधल्या जिवाणूंमुळे शूमधल्या युरियाचा अमोनिया होतो आणि कातडीवरचं सौम्य आम्ल वातावरण अल्कलीकडे झुकतं. शीमध्ये प्रथिनं आणि चरबी पचवणारी पाचकद्रव्यं असतातच. अल्कली वातावरणात ती जोर धरतात आणि बाळाच्या कातडीचा वरचा थर पचवायला लागतात. त्यात ओल्यामुळे फुगलेली कातडी डायपरला घासते. जुलाबात रॅश एका दिवसात का भडकतो याचंही उत्तर यातच आहे. अन्न आतड्यातून घाईने बाहेर पडतं आणि ही पाचकद्रव्यं जास्त ताकदीची असतानाच कातडीवर येतात.

म्हणून नियम असा: शी झाली की लगेच, झोपेत असलं तरी. नुसती शू असेल तर दिवसा दर दोन-तीन तासांनी. रॅश सोललेला आहे तोवर रात्रीही एकदा उठून बदला. नवजात बाळाला दिवसाला दहा-बारा वेळा बदलावं लागणं अगदी नेहमीचं आहे, त्यात "जास्त डायपर जातात" असं काही नाही.

लंगोट की डायपर, यावर घराघरात वाद होतात. माझं मत सांगते. घरात सतत कोणीतरी बाळाजवळ आहे, कपडे उन्हात वाळतात आणि ओलं झालं की पाच मिनिटांत बदललं जातं, तर सुती लंगोट उत्तम. पण दुपट्याच्या वर प्लास्टिकची चड्डी घालून तासन्‌तास ठेवणार असाल, तर ते सगळ्यांत वाईट. कापड ओलावा धरून ठेवतं, प्लास्टिक वाफ अडवतं. त्यापेक्षा ओलावा आत ओढून घेणारा चांगला डायपर कातडी कोरडी ठेवतो. रॅश असताना डायपर एक माप मोठा घेतला तर मांडीच्या इलॅस्टिकचा काच कमी होतो आणि थोडी हवा खेळते.

लंगोट वापरत असाल तर धुताना साबण पूर्ण निघेपर्यंत पाण्यातून काढा, म्हणजे साधारण दोनदा तरी. जंतुनाशक द्रव आणि कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव दोन्ही नको. त्याचा अंश कापडात राहतो आणि सोललेल्या कातडीला झोंबतो. पावसाळ्यात दमट राहिलेले लंगोट इस्त्री फिरवून पूर्ण कोरडे करा.

३. पुसू नका, धुवा

सोललेल्या कातडीची खरी वाट लावतं ते पुसणं. ओले वाइप्स बाहेर जाताना सोयीचे आहेत, पण कातडी उघडी पडली असताना बंद ठेवा. सुगंध किंवा अल्कोहोल असलेले तर बरं झाल्यावरही आणू नका.

कोमट पाणी तांब्याने किंवा दाबायच्या बाटलीने वरून सोडा. पाण्याची धार बहुतेक शी घेऊन जाते. उरलेली ओल्या कापसाने टिपून घ्या. मुलीला नेहमी पुढून मागे. शी चिकटून सुकली असेल तर घासू नका. कापूस खोबरेल तेलात भिजवून त्यावर अर्धा मिनिट ठेवा, ती सुटते. दर वेळी साबण लावायचा नाही. दिवसातून एकदा अंघोळीच्या वेळी सौम्य, बिनवासाचा साबण पुरे, आणि सोललेल्या जागी तोही नको.

मग मऊ सुती कापडाने टिपून कोरडं करा. घडी उघडून आतही टिपा. यानंतर मेणकापडावर सुती दुपटं टाकून बाळाला दहा-पंधरा मिनिटं तसंच उघडं लोळू द्या, दिवसातून तीन-चार वेळा जमेल तेव्हा. शू झालेल्या दुपट्यांचा ढीग होतो, तो होऊ द्या. केस वाळवायचं यंत्र, शेगडीची ऊब, धुरी यांपैकी काहीही उघड्या कातडीजवळ नको. ही कातडी आधीच भाजल्यासारखी असते आणि आपल्या हाताला सुखद वाटणारी ऊब तिला जास्त होते.

४. क्रीम चोळायचं नाही, थापायचं

झिंक ऑक्साइड काय किंवा पेट्रोलियम जेली काय, ही औषधं कातडीत जिरून काम करत नाहीत. शी-शू आणि कातडी यांच्यामध्ये आडोसा उभा करणं एवढंच त्यांचं काम. त्यामुळे पातळ लावून चोळून जिरवलेलं क्रीम जवळजवळ वाया जातं. भिंतीला गिलावा देतात तसा थर हवा: खालची लाली दिसता कामा नये.

बाजारात झिंक ऑक्साइडचं प्रमाण साधारण १० टक्क्यांपासून ४० टक्क्यांपर्यंत मिळतं. रोजच्या वापराला कमी प्रमाणाचं चालतं. सोललेल्या रॅशला जास्त प्रमाणाचं, पांढरं घट्ट मलमच घ्या. पातळ लोशन पहिल्याच जुलाबाबरोबर वाहून जातं. कातडीतून पाणी पाझरत असेल तर मलम नीट धरत नाही. अशा वेळी आधी पूर्ण कोरडं होऊ द्यायचं, मग मलम, आणि त्यावर पेट्रोलियम जेलीचा एक हात. जेलीमुळे मलम डायपरला चिकटून निघून येत नाही.

आता सगळ्यांत जास्त चुकणारी गोष्ट. पुढच्या वेळी डायपर बदलताना मलम खरवडून स्वच्छ करायचं नाही. शी फक्त वरच्या थराला लागलेली असते. तेवढा मळलेला थर ओल्या कापसाने उचला, खालचं पांढरं तसंच राहू द्या, आणि जिथे पातळ झालं असेल तिथे वरून भर घाला. झिंकचं मलम पाण्याने सहज निघत नाही. ते काढायला घासलं की त्याच्याबरोबर नुकती धरू लागलेली कातडीही निघते, आणि मग "क्रीम लावतोय तरी बरं होत नाही" अशी तक्रार सुरू होते. दिवसातून एकदा, अंघोळीच्या वेळी, खोबरेल तेलाच्या बोळ्याने सगळं मलम हळूच उतरवा, खालची कातडी बघून घ्या, फोटो काढा आणि पुन्हा नव्याने थापा.

साधा रॅश या पद्धतीने दोन-तीन दिवसांत स्पष्ट उतरायला लागतो. पूर्ण जायला आठवडाही लागू शकतो, पण तिसऱ्या दिवशीचा फोटो पहिल्यापेक्षा चांगला दिसलाच पाहिजे.

५. काय लावायचं नाही

ही यादी जरा लांब आहे, कारण सल्ले देणारे प्रेमाने देतात आणि नाही म्हणणं जड जातं.

टाल्कम पावडर. अंघोळीनंतर बाळाला पावडर लावायची सवय आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की तिच्याशिवाय बाळ "ताजं" वाटत नाही. पण ती हवेत उडून बाळाच्या श्वासातून फुप्फुसात जाते आणि ओलाव्याबरोबर घड्यांमध्ये तिचे गोळे होऊन घासतात. मक्याच्या पिठाच्या पावडरीलाही हेच लागू.

खाण्याचा सोडा पाण्यात घालून धुणं आणि बोरिक पावडर. सोललेल्या कातडीतून दोन्ही रक्तात शोषली जातात आणि लहान बाळांना त्यातून गंभीर त्रास झालेले आहेत. जंतुनाशक द्रवाचे थेंब अंघोळीच्या पाण्यात टाकणंही बंद. बेसन, मसूरडाळीचं पीठ, हळद यांचं उटणं निदान कमरेखाली रॅश जाईपर्यंत नको. मालीश करायला येणाऱ्या मावशींना हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा, नाहीतर आपण आतल्या खोलीत असताना उटणं लागलेलं असतं.

आणि सगळ्यांत घातक: दुकानात "रॅशसाठी काहीतरी द्या" म्हटल्यावर हमखास पुढे येणारी मिश्र ट्यूब. एकाच ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि जोरदार स्टेरॉइड. घरातल्या कोणाला तरी गजकर्णावर तिचा गुण आलेला असतो, म्हणून ती कपाटात सापडतेही. ट्यूबवर बारीक अक्षरात क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी काही लिहिलं असेल तर ती बाळाच्या डायपरखाली लावायची नाही. डायपर वरून झाकण घालतो, कातडी पातळ आणि फुटलेली असते, त्यामुळे स्टेरॉइड मोठ्या माणसाच्या मानाने खूप जास्त शोषलं जातं. एका दिवसात लाली उतरते खरी, पण बुरशी असेल तर ती खाली पसरत राहते. कातडी पातळ होते, आणि बरेच दिवस लावलं तर बाळाच्या शरीरातल्या संप्रेरकांवर आणि वाढीवरही परिणाम होऊ शकतो. कधी कधी डॉक्टर स्वतः अगदी सौम्य हायड्रोकॉर्टिसोन थोडे दिवस देतात. तो त्यांचा निर्णय, आणि ते बाळाला बघून दिलेलं असतं.

६. बुरशी झाली आहे का?

ओलसर, उबदार, फुटलेली कातडी कॅन्डिडा नावाच्या बुरशीला फार मानवते. ती बाळाच्या आतड्यात मुळातच थोडीफार असते. म्हणून साधा रॅश तीन दिवस नीट काळजी घेऊनही हटत नसेल, तर बुरशीची शंका घ्यायची. ओळखायला या गोष्टी बघा.

पहिली, जागा. बुरशी घडीत घुसते. जांघेच्या खोबणीत, दोन कुल्ल्यांच्या मधल्या घळीत लाली असेल, तिथे कातडी ओली आणि चकचकीत दिसत असेल, तर तो नुसता घासल्याचा रॅश नाही.

दुसरी, कड. साध्या रॅशची लाली कडेला हळूहळू फिकी होत जाते. बुरशीचा चट्टा गडद लाल असतो आणि त्याची कड रेघ मारल्यासारखी ठळक असते. कधी कडेला पातळ पांढरी सालंही सुटतात.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यांत भरवशाची, म्हणजे पिल्लं. मोठ्या चट्ट्यापासून थोड्या अंतरावर, चांगल्या कातडीत सुटे सुटे लाल ठिपके येतात, मोहरीच्या दाण्याएवढे. काहींच्या टोकाला पू असल्यासारखं पिवळसर दिसतं. ओटीपोटावर आणि मांडीवर हे शोधा.

चौथी, आधीचा इतिहास. बाळाला नुकतंच अँटिबायोटिक दिलं होतं का? किंवा बाळ अंगावर पीत असेल तर आईने घेतलं होतं का? अँटिबायोटिकने चांगले जिवाणूही मरतात आणि बुरशीला रान मोकळं होतं. वर जुलाब होतात ते वेगळेच.

पाचवी, तोंड. जिभेवर, गालांच्या आत, हिरड्यांवर दह्यासारखे पांढरे चट्टे आहेत का बघा. दुधाचा थर ओल्या कापडाने पुसला जातो. बुरशीचा सहज निघत नाही, आणि निघाला तर खाली लाल, कधी रक्ताळलेली जागा दिसते. इथे एक कडक सूचना: तोंड आलं की टंकणखाराची लाही मधातून चाटवायची जुनी रीत आहे. ती करू नका. टंकणखार पोटात जाणं बाळाला विषारी ठरू शकतं, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नसतो.

७. बुरशी असेल तर औषध कसं लावायचं

डॉक्टरांकडे जा. सहसा क्लोट्रिमॅझोल १ टक्का, मायकोनाझोल २ टक्के किंवा निस्टॅटिन यांपैकी एक क्रीम मिळतं. घेताना ट्यूबवर फक्त तेवढंच एक औषध आहे ना, हे स्वतः वाचा. दुकानदार "हेच आहे, वेगळ्या कंपनीचं" म्हणून मिश्र ट्यूब देतात असा माझा अनुभव आहे.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी धुवायचं, टिपून कोरडं करायचं. मग बुरशीच्या औषधाचा पातळ हात, चट्ट्यावर आणि कडेच्या ठिपक्यांच्याही थोडं पुढेपर्यंत. दोन-चार मिनिटं थांबायचं. त्यानंतर वरून झिंकचा जाड थर. उलटं केलं, म्हणजे आधी झिंक आणि वर औषध, तर औषध आडोशाच्या बाहेरच राहतं. औषध डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, बहुतेक वेळा दिवसातून दोन-तीनदा. झिंक मात्र दर बदलीला. औषध लावण्याआधी तेवढ्या वेळेपुरतं झिंक तेलाने उतरवावं लागतं, म्हणून औषधाच्या वेळा सकाळची अंघोळ आणि रात्रीची झोप अशा ठरवून टाकल्या की बाकी वेळा कातडीला हात लागत नाही.

दोन-तीन दिवसांत ठिपके सुकू लागतात. इथे बरेच जण थांबतात आणि पुढच्या आठवड्यात सगळं परत येतं. डोळ्याला साफ दिसल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण करायचे. साधारण एक ते दोन आठवडे लागतात.

तोंडातही बुरशी असेल तर नुसतं खालचं बरं करून भागत नाही. गिळली जाणारी बुरशी शीतून पुन्हा खाली येते. तोंडाचं औषध वेगळं असतं, ते डॉक्टर वयाप्रमाणे देतात. बाळ अंगावर पीत असेल आणि आईच्या स्तनाग्रांना जळजळ, चमक, लाली असेल तर तेही त्याच भेटीत सांगा, दोघांना बरोबरच उपचार लागतात. बाटलीची बूचं आणि चघळायची खेळणी रोज उकळा.

८. प्रत्यक्षात कसं घडलं ते

बहिणीचा मुलगा, नऊ महिन्यांचा, ठाण्यात, भर जुलैत. कान दुखला म्हणून अँटिबायोटिक सुरू झालं आणि औषध अर्ध्यावर असताना पातळ शी व्हायला लागली, दिवसाला सात-आठ वेळा. पाठोपाठ कुल्ल्यांवर रुपयाएवढे दोन चट्टे सोलले. घड्या कोऱ्या होत्या, ठिपके नव्हते. म्हणजे साधा रॅश.

तिच्याकडे झिंकचं मलम होतंच, पण आजी दर वेळी ते कोमट पाण्याने "नीट स्वच्छ" घासून काढत होत्या. मी गेले तेव्हा पहिल्यांदा ते थांबवलं. आजींना पटवायला वेळ लागला. पांढरं राहिलेलं त्यांना घाण राहिल्यासारखं वाटत होतं. शेवटी "काकू, ती शी नाही, ते औषधच आहे, तुम्ही फक्त पिवळं उचला" एवढं वाक्य चाललं. वाइप्स बंद झाले, बाटलीने धुणं सुरू झालं, मलमावर जेली आली. दोन दिवसांत कुल्ल्यांवरचं सोललेलं भरून आलं, कातडी गुलाबी आणि कोरडी झाली.

आणि त्याच वेळी जांघेची खोबण लाल व्हायला लागली. फोटो शेजारी शेजारी ठेवले तेव्हा ते स्पष्ट दिसलं. एक जागा बरी होतेय आणि दुसरी, जिथे डायपर घासतच नाही, ती बिघडतेय. दुसऱ्या दिवशी ओटीपोटावर चार-पाच सुटे ठिपके आले. तोंड साफ होतं. डॉक्टरांनी घडी उघडून बघितली, अँटिबायोटिकचं विचारलं आणि कॅन्डिडा म्हणून क्लोट्रिमॅझोल दिलं. कानाचं अँटिबायोटिक मात्र मध्येच सोडायचं नाही असं बजावलं. जुलाबासाठी ओआरएस आणि झिंकचं तोंडाने घ्यायचं औषध वेगळं लिहून दिलं. (हे झिंक आतड्यासाठी. मलमातलं झिंक ते काम करत नाही, आणि हे औषध मलमाचं करत नाही.) ठिपके आधी गेले, घडी सगळ्यांत शेवटी. घडी कोरडी राहावी म्हणून बहीण तिथे मलमाचा थर पातळच ठेवत होती, कारण खोबणीत जाड लावलं की त्याचा गोळा होऊन तो घासतो. कुल्ल्यांवर जाड आणि घडीत पातळ, हा फरक मलाही तिच्याकडूनच कळला.

९. घरी थांबायचं नाही, अशा वेळा

- बाळाला ताप आहे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी.
- पाण्याचे फोड, पू, मधाच्या रंगाची खपली, किंवा कातडीतून रक्त येतंय.
- शीच्या जागेभोवती गोल, ठळक लाल कडं आहे, शी करताना बाळ रडतं, शीला रक्ताची रेघ दिसते. हा जिवाणूंचा संसर्ग असू शकतो आणि त्याला बुरशीचं औषध लागू पडत नाही.
- बाळ महिन्याच्या आतलं आहे.
- जुलाबाबरोबर शू कमी झाली, तोंड कोरडं पडलं, डोळे खोल गेले, बाळ मलूल आहे. इथे रॅश दुय्यम आहे, आधी पाणी कमी झाल्याचं बघायला हवं.
- तीन दिवस नीट काळजी घेऊन फरक नाही, किंवा बुरशीचं औषध आठवडाभर लावूनही तसंच आहे.
- पुरळ फक्त डायपरखाली नाही. तोंडाभोवती, हातापायांच्या टोकांनाही आहे, बाळाचं वजन वाढत नाही, केस विरळ होतायत. शरीरात झिंक कमी पडल्यावर असं दिसतं, आणि ते वरून क्रीम लावून जात नाही.

जाताना रोजचे फोटो, आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब (आजीने गुपचूप लावलेलीसुद्धा) आणि अँटिबायोटिकची बाटली बरोबर न्या. निघण्याआधी मलम तेलाने उतरवून ठेवा, पांढऱ्या थराखालचं डॉक्टरांना दिसत नाही. जांभळं औषध लावलेलं असेल तर तेही सांगा, कारण त्या रंगाखाली लाली आणि ठिपके दोन्ही झाकले जातात.